चर्चा: उशिरा आलेल्या नोंदींमुळे मागच्या महिन्याचा आकडा बदलावा का?

डेपो_ते_दुकान (प्रश्न):
आमची वितरण कंपनी आहे. ५ जुलैच्या अहवालात जूनची विक्री ८४.२० लाख दिली होती. ५ ऑगस्टच्या अहवालात तोच जून ८१.६५ लाख दिसतोय. साहेब म्हणतात, एकदा दिलेला आकडा बदलता कामा नये. विक्रीवाले म्हणतात, खरा असेल तो दाखवा. बरोबर कोण? आणि बदललेला आकडा दाखवायचाच तर कसा?

महिना_बंद:
साहेब बरोबर. ५ तारखेला महिन्याला कुलूप लावा आणि त्यानंतर जे येईल ते चालू महिन्यात घ्या. दर अहवालात मागचे आकडे हलत राहिले तर लोक नवा आकडाही मनावर घेत नाहीत, ‘पुढच्या महिन्यात बदलेलच’ म्हणून सोडून देतात. मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या हातात वेगळा जून असतो, मग काम राहतं बाजूला आणि आकड्यांवरच वाद चालतो.

आकडेमोड:
कुलूप लावल्याने गोंधळ जात नाही, तो पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. १६ जून २०२० ला करोना मृत्यूंची जुळवणी झाली आणि आधी नोंदवायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी एकूण संख्येत आले, त्यातले ८६२ मुंबईचे. ते मृत्यू त्या दिवशी झालेले नव्हते. पण नोंदीच्या तारखेवर काढलेल्या आलेखात तिथे सुळका दिसतो आणि आधीचे दिवस आहेत त्यापेक्षा सौम्य वाटतात. सगळं चालू महिन्यात घ्या म्हणजे दर महिन्याला असा छोटा सुळका तयार करा.

प्रश्नकर्ते, २.५५ लाखांचा फरक कशाकशाचा आहे ते फोडून द्या. त्याशिवाय हे बोलणं हवेत राहील.

डेपो_ते_दुकान:
डेपोने जूनमध्येच फाडलेली पण ८ जुलैला चढवलेली बिलं, अधिक १.१० लाख. जूनच्या मालाचा परतावा जुलैत आला, त्याच्या क्रेडिट नोटा, उणे २.९० लाख. आणि दोनदा चढलेलं एक बिल रद्द केलं, उणे ०.७५ लाख.

करसल्ला:
यासाठीच जीएसटीआर-१ए आहे. ११ तारखेच्या जीएसटीआर-१ मध्ये राहिलेली बिलं त्याच महिन्याचं ३बी भरायच्या आधी त्यात घालता येतात. प्रश्न मिटला.

खतावणी:
दादा, ते विवरणपत्राचं झालं. इथे प्रश्न अंतर्गत अहवालाचा आहे. पण तुमच्यामुळे एक गोष्ट वर आली: त्या क्रेडिट नोटांवर तारीख कोणती आहे? परतावा जुलैत आला आणि नोट जुलैत काढली तर तिची तारीख जुलैचीच हवी आणि ती जुलैच्या विवरणपत्रात जायला हवी. तुमचा जून खाली आला, म्हणजे कोणीतरी नोटांना ३० जून तारीख घातलेली दिसते. तसं असेल तर हिशेबाची वही आणि भरलेलं विवरणपत्र जुळणार नाही, आणि जुळवणी करणारा पुढे महिनाभर २.९० लाख शोधत बसेल.

तीन बाबी तीन प्रकारच्या आहेत. डेपोची बिलं जूनचीच, ती जूनमध्येच जायला हवीत. दुबार बिल ही विक्री कधी नव्हतीच, म्हणून तेही जूनमधूनच काढायचं. परतावा मात्र वहीत जुलैचा. त्या हिशेबाने वहीतला जून होतो ८४.२० अधिक १.१० उणे ०.७५, म्हणजे ८४.५५ लाख. आकडा उतरला नाही, चढला.

महिना_बंद:
मग ८१.६५ चूकच म्हणायचं ना? मी तेच सांगतोय.

आकडेमोड:
वहीसाठी चूक. पण जूनमध्ये किती माल खरोखर दुकानात टिकला हे विक्रीप्रमुखाला पाहायचं असेल, तर परतावा मूळ विक्रीच्या महिन्यात वजा करावा लागतो आणि तिथे ८१.६५ च बरोबर. फक्त त्यासाठी नोटेची तारीख बदलायची नाही. नोटेवर मूळ बिलाचा क्रमांक असतोच, अहवाल त्यावरून जोडायचा. म्हणून शीर्षकातच लिहा: ‘दस्तऐवजाच्या तारखेनुसार’ की ‘मूळ विक्रीच्या महिन्यानुसार’. हे नसेल तर नुसतं ‘सुधारित’ लिहून उपयोग नाही.

आता खरा फसवा भाग. जुलैचा पहिला आकडा किती आला?

डेपो_ते_दुकान:
८३ लाख. जूनच्या ८१.६५ शी तुलना करून १.७ टक्के वाढ अशी स्लाइड गेली.

आकडेमोड:
ती स्लाइड परत मागवा. ८१.६५ मधून महिनाभराचा परतावा वजा झालाय, ८३ मधून अजून व्हायचाय. पहिल्या आकड्याशी पहिला आकडा लावा: ८४.२० वरून ८३, म्हणजे १.४ टक्के घट. चिन्हच उलटतं. दर महिन्याला पहिला आकडा, महिन्यानंतरचा आणि दोन महिन्यांनंतरचा असे तीन रकाने ठेवा आणि तुलना त्याच रकान्यात खाली खाली करा. वर्षभरात कळेल की तुमचा पहिला आकडा साधारण किती टक्के उतरतो.

ओळ अशी लिहा: ‘जून २०२५, मूळ विक्रीच्या महिन्यानुसार: ८१.६५ लाख. सुधारणा १, ५ ऑगस्टपर्यंतच्या नोंदी. आधीचा आकडा ८४.२०.’ खाली फरकाची कारणं तीन ओळींत. आणि जुलैपुढे ‘तात्पुरता’ लिहा, छोट्या तळटीपेत नको, आकड्याच्या शेजारी.

उपकेंद्र_नोंद:
आमच्याकडे जन्मनोंदीतही हेच. २१ दिवसांची मुदत असते, त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातले जन्म पुढच्या महिन्यात नोंदले जातात. तालुक्याला जन्मतारखेनुसार की नोंदणीच्या तारखेनुसार द्यायचं, हे वर्षानुवर्षं कोणी सांगितलेलं नाही.

आकडेमोड:
दोन्ही तारखा रकान्यात ठेवा, मग कोणीही काहीही मागितलं तरी काढता येतं.

एसक्यूएल_काका:
जुना आकडा पुन्हा काढायला एवढं पुरतं. नोंद कधी चढली तो रकाना हवा:

```sql
SELECT SUM(amount) FROM sales
WHERE sale_date BETWEEN '2025-06-01' AND '2025-06-30'
  AND entered_at < '2025-07-06';
```

खतावणी:
काका, पुरत नाही. दुबार बिल कोणी जागच्या जागी शून्य केलं असेल तर त्या ओळीचं `entered_at` जुनंच राहतं आणि रक्कम नवी होते. तुमच्या क्वेरीला ८४.२० कधीच मिळणार नाही, ८३.४५ मिळेल. जुनी ओळ हलवायची नाही; उलट रकमेची नवी ओळ घालायची, जुन्या sale_date आणि आजच्या entered_at सह. तपासणी सोपी आहे: छापून ठेवलेला ५ जुलैचा अहवाल आणि आज काढलेला ‘५ जुलैपर्यंतचा’ आकडा ताडून पाहा. जुळले नाहीत तर कोणीतरी जुनी नोंद खोडली आहे.

एसक्यूएल_काका:
मान्य. तो बदल करायलाच हवा.

महिना_बंद:
ठीक, लेबल लावा. पण सुधारणा कधी थांबणार? आणि इन्सेंटिव्ह ८४.२० वर द्यायचा की ८१.६५ वर? पोराला जुलैत पैसे मिळाले, ऑगस्टमध्ये परत मागणार का?

आकडेमोड:
दोन सुधारणांनंतर अहवालातला आकडा ‘अंतिम’ लिहून गोठवा. त्यानंतर आलेलं चालू महिन्यात, पण ‘मागील काळातील समायोजन’ अशा वेगळ्या ओळीत.

खतावणी:
इन्सेंटिव्हचा मोठा भाग पहिल्या आकड्यावर आणि उरलेला अंतिमवर, असं ठेवतात काही ठिकाणी. गोठवण्याच्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं. मार्चला दोन महिने पुरत नाहीत, ऑडिटच्या नोंदी त्यानंतरही येतात. मार्च ऑडिट संपेपर्यंत ‘तात्पुरता’च राहू द्या.