ट्रॅव्हल क्लेममध्ये १३२४ रुपये कमी आले. अकाउंट्सला मेल टाकताना बॉसला सीसी करू का?

माजिवडेकर:
ठाण्याहून हिंजवडीला क्लायंटकडे गेलो होतो, स्वतःची गाडी, तीन दिवस दोन रात्री. क्लेम असा टाकला: गाडी ३२६ किमी, ११ च्या रेटने ३५८६. एक्सप्रेसवेचा टोल ३२० जाताना ३२० येताना, ६४०. हॉटेल ३२०० रात्रीचे, दोन रात्री, वर ५ टक्के जीएसटी, मिळून ६७२०. डीए ६०० प्रमाणे तीन दिवसांचा १८००. टोटल १२७४६. ॲडव्हान्स ५००० घेतला होता म्हणजे ७७४६ यायला हवे होते, खात्यात आले ६४२२. कारण कुठेच नाही, स्टेटस नुसतं 'पेड'. मला वाटतं एका बाजूचा टोल उडवलाय आणि बाकीचं मनाला येईल तसं कापलंय. मेल तयार आहे, 'रक्कम चुकीची आहे, उरलेले १३२४ त्वरित जमा करा', बॉस आणि एचआर सीसीमध्ये. पाठवू ना?

घणसोलीकर:
पाठव बिनधास्त. स्वतःच्या खिशातून पैसे घालून कंपनीचं काम करायचं आणि वर परत मागायला पण आपणच मागे लागायचं, हे काय आहे? सीसीमध्ये बॉस नसेल तर अकाउंट्सवाले मेल उघडतसुद्धा नाहीत, आमच्या महापेच्या ऑफिसात हेच चालतं. आणि ऐरोलीचा टोल लावला नाहीस का, तो पण लाव.

व्हाउचरवाली ताई:
थांब रे, अजून पाठवू नकोस. मी अकाउंट्समध्येच आहे, क्लेम पास करायचं काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे आमच्या बाजूने सांगते. तुझा मेल आला की आम्ही काय करणार? व्हाउचर उघडणार, पास करताना मारलेला शेरा बघणार आणि 'ॲज पर पॉलिसी' लिहून परत पाठवणार. कारण तू तुझी टोटल सांगतोयस, आमच्या टोटलमध्ये नेमकी कुठली ओळ चुकली ते सांगतच नाहीयेस. अकाउंट्सवाला कधी ढोबळ आकडा कापत नाही, तो कुठलीतरी एक ओळ कापतो. म्हणून आधी त्यांचे ६४२२ कसे आले ते तू स्वतः काढ.

मी बसल्या बसल्या करून बघितलं. डीए कापला तर ३०० किंवा ६०० कापला जाणार, अर्धा दिवस नाहीतर पूर्ण. टोल कापला तर ३२०. गाडीचं कापलं तर त्या रकमेला ११ ने पूर्ण भाग जायलाच पाहिजे. आता १३२४ मधून ३०० काढ, १०२४ राहिले. त्यातून ३२० काढ, ७०४ राहिले. ७०४ ला ११ ने भाग, बरोबर ६४ किमी. बाकीच्या जोड्या पण लावून बघितल्या, कशातच ११ चा भाग बसत नाही. म्हणजे अर्धा दिवस डीए, एक ३२० आणि ६४ किमी. पहिल्या दिवशी घरून किती वाजता निघालास? आणि हे ६४ किमी कसले आहेत?

माजिवडेकर:
निघालो दुपारी अडीचला. पॉलिसीत आहे की १२ तासांपेक्षा कमी असेल तर अर्धा डीए. ६४ किमी म्हणजे तिथलं फिरणं. दुसऱ्या दिवशी क्लायंटच्या खराडीच्या ऑफिसला जावं लागलं, हिंजवडीहून खराडी म्हणजे पुण्याचं दुसरं टोक, बाकी हॉटेल ते ऑफिस. ठाणे-हिंजवडी जाऊन येऊन २६२ आहे.

व्हाउचरवाली ताई:
मग झालंच की. अडीचला निघालास तर रात्री बारापर्यंत साडेनऊ तासच होतात, ते ३०० त्यांचे बरोबर आहेत, मागू नकोस. एक चुकीची ओळ मागितलीस की बाकीच्या बरोबर ओळींवर पण संशय येतो. ६४ किमी कापले कारण तुझ्या ट्रॅव्हल रिक्वेस्टमध्ये फक्त ठाणे-हिंजवडी-ठाणे असणार, खराडी नसणार. पास करणारा रिक्वेस्ट आणि क्लेम शेजारी शेजारी ठेवून बघतो, रिक्वेस्टमध्ये नाही ते गेलं. हे परत मिळेल, पण खराडीच्या मीटिंगचं इनव्हाइट आणि बॉसचा एका ओळीचा होकार लागेल.

आता तो ३२०, आणि इथेच तू फसशील. तुला वाटतंय टोल कापला. पण तुझ्या क्लेममध्ये ३२० दोन ठिकाणी आहे. एक टोल, दुसरा हॉटेलच्या ६४०० वरचा ५ टक्के जीएसटी, तो पण ३२०. तुमचं हॉटेल लिमिट किती आहे?

माजिवडेकर:
लिमिट ३२०० पर नाइट. टॅक्सचं काहीच लिहिलेलं नाही.

व्हाउचरवाली ताई:
मग टोल नाही, जीएसटी कापलाय असंच दिसतंय. फास्टॅग स्टेटमेंटवर दोन्ही बाजूचं दिसत असताना टोल कोणी कापत नाही. तू टोलबद्दल भांडला असतास, ते म्हणाले असते टोल पूर्ण दिलाय, आणि विषय तिथेच बंद.

घणसोलीकर:
ताई तुमचं गणित भारी आहे पण हे सगळं कर्मचाऱ्याने का करायचं? कापलं त्यांनी, तर कारण लिहायची जबाबदारी पण त्यांची. तीन ओळी कापल्या आणि एक शब्द लिहिला नाही, आणि शोधत बसायचं याने. मी तर सरळ विचारेन, हेडवाइज कपात द्या, आणि बॉसला सीसी.

व्हाउचरवाली ताई:
कारण लिहायलाच पाहिजे, त्यात वाद नाही, मी माझ्या टीमला हेच सांगते. पण नुसता 'ब्रेकअप द्या' असा मेल आला की तो रांगेत पडतो. याउलट तीन आकडे लिहून 'असंच आहे का' विचारलं तर उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात, म्हणून उत्तर येतं. आणि सीसीचं म्हणशील तर पहिल्याच मेलला बॉस आला की समोरचा मुलगा स्वतःच्या अंगावर घेत नाही, त्याच्या मॅनेजरला विचारतो, झाला की आठवडा. सात कामाचे दिवस थांब, नाही आलं काही तर तोच मेल बॉसला घालून परत पाठव.

नेरूळ सीवूड्स:
ऐरोलीचं कोणीतरी लिहिलंय म्हणून, मुंबईच्या पाचही एंट्री नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नाही. आणि ठाण्याहून कळवा-दिघा करत ठाणे-बेलापूर रोडने पनवेलकडे गेलं तर ऐरोलीचा नाका मध्ये येतच नाही, तो मुलुंडकडे जाणाऱ्या पुलावर आहे. असा टोल क्लेममध्ये लावला तर बाकीचा क्लेम पण पहिल्यापासून तपासतील.

जीएसटीबद्दल माझं मत ताईंच्या उलट आहे. लिमिट हे भाड्याचं असतं, टॅक्सचं नाही. टॅक्स किती लागायचा ते मी ठरवत नाही. ३२०० च्या लिमिटमध्ये ३२०० चीच खोली घेतली तर माणसाने अजून काय करायचं? शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये ७५०० पर्यंतच्या खोल्यांचा जीएसटी १२ वरून ५ झाला, पण विदाऊट आयटीसी, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय, त्यामुळे आता कंपनीला क्रेडिट मिळत नाही, म्हणून हे लोक टॅक्स कर्मचाऱ्याच्या माथी मारायला लागलेत.

व्हाउचरवाली ताई:
पहिलं अर्धं पटतं, दुसरं नाही. ती विदाऊट आयटीसीची अट हॉटेलवर आहे, त्यांना त्यांच्या खरेदीचं क्रेडिट घेता येत नाही. बिलावर लावलेल्या ५ टक्क्यांचं क्रेडिट कंपनी घेऊ शकते, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून तेवढे वजा करू शकते, फक्त बिल कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या महाराष्ट्राच्या जीएसटी नंबरावर पाहिजे. म्हणून माजिवडेकर, बिल आधी बघ. कंपनीचा नंबर असेल तर तो टॅक्स कंपनीला खर्चच नाही, ते कापायला कारण राहत नाही, आणि मेलमध्ये हाच मुद्दा घाल. तुझ्या वैयक्तिक नावावर बिल असेल तर ३२० कठीण आहे. आमच्याकडे 'प्लस टॅक्सेस' लिहिलेलं नसेल तर लिमिट बिलाच्या टोटलवर धरतात.

नेरूळ सीवूड्स:
लिहिलेलं नाही म्हणजे कंपनीच्या बाजूने धरायचं, हे कुठून आलं? लिहिलेलं नाही याचा फायदा खर्च करणाऱ्याला मिळायला हवा.

कळव्याची स्मिता:
माझे तर ट्रेनच्या तिकिटाचे पैसे अडकलेत दोन महिने, पीएनआर चुकला म्हणतात, पगाराबरोबर येतील म्हणाले ते पण आले नाहीत. असा मेल मी पण टाकू का? आणि हे पगारात आले तर टॅक्स कापतात का?

व्हाउचरवाली ताई:
स्मिता, तुझं वेगळं आहे. तुझा क्लेम पासच झालेला नाही, त्याला आकडेमोड नको, तिकिटाची पीडीएफ आणि बरोबर पीएनआर टाकून परत सबमिट कर. ऑफिसच्या कामाच्या तिकिटाचे खरे पैसे परत मिळतात त्यावर टॅक्स नसतो, पण पेस्लिपमध्ये कुठल्या हेडखाली टाकतात ते बघ.

माजिवडेकर, मेल इतकाच ठेव:

*विषय: पुणे दौरा क्लेम, १०२४ रुपयांचा फरक*

*नमस्कार, माझ्या क्लेममध्ये ६४२२ रुपये जमा झाले. पहिल्या दिवसाचा अर्धा डीए धरून माझा हिशोब असा: गाडी ३५८६, टोल ६४०, हॉटेल ६७२०, डीए १५००, एकूण १२४४६. ॲडव्हान्स ५००० वजा जाता ७४४६. फरक १०२४. माझ्या अंदाजाने यात स्थानिक प्रवासाचे ६४ किमी म्हणजे ७०४ आणि हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी ३२० आहे. दुसऱ्या दिवशी क्लायंटच्या खराडी ऑफिसला जावं लागलं, इनव्हाइट आणि मॅनेजरची मंजुरी जोडली आहे. हॉटेलचं बिल कंपनीच्या जीएसटी नंबरावर आहे, तेही जोडलं आहे. कपात याच दोन ओळींत आहे का, हे कळवावे आणि फरक पुढच्या पेमेंटमध्ये घ्यावा.*

वर क्लेम नंबर टाक. आणि जुना क्लेम परत सबमिट करू नकोस, हॉटेलचं तेच बिल नंबर दुसऱ्यांदा दिसलं की बऱ्याच सिस्टीम डुप्लिकेट म्हणून सरळ रिजेक्ट करतात. ते सांगतील तर फक्त फरकाचा वेगळा क्लेम टाक.

घणसोलीकर:
मेल चांगला आहे, मान्य. तरी 'माझ्या अंदाजाने' काढ. पैसे आपले आहेत, अंदाज कसला.

व्हाउचरवाली ताई:
राहू दे तो शब्द. त्यांनी खरंच टोल कापला असेल तर? आपण आकड्यांवरून काढलंय, त्यांचं व्हाउचर कोणी बघितलंय.

माजिवडेकर:
बिल बघितलं, कंपनीचा जीएसटी नंबर आहे त्यावर. परवा असाच मेल टाकला, सीसी कोणी नाही. आज उत्तर आलं. कपात त्या तीनच ओळी होत्या. ७०४ पुढच्या बॅचमध्ये देतो म्हणाले. ३२० ला नाही म्हणाले, लिमिट टॅक्स धरूनच आहे म्हणे, क्रेडिटचा मुद्दा लिहिला होता त्यावर एक शब्द नाही. आता बॉसला घालू का?

नेरूळ सीवूड्स:
आता घाल. आणि विचार की टॅक्स धरून लिमिट आहे हे पॉलिसीत कुठल्या पानावर लिहिलंय.

व्हाउचरवाली ताई:
घाल, पण ७०४ खात्यात आल्यावर. आणि प्रश्न एकच ठेव, या बिलाचं ३२० चं क्रेडिट कंपनीने घेतलंय का. घेतलं असेल आणि तुलाही दिले नसतील तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल.

घणसोलीकर:
मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणतोय, बॉसला घाल.