शब्दचर्चा: ‘फेज शिफ्टिंग’ला मराठीत काय म्हणावं?

मुक्ता_अ: स्टीव्ह राइकच्या संगीतावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. ‘फेज शिफ्टिंग’ला ‘कलांतर’ चालेल का? सोबत ‘अॅडिटिव्ह ऱ्हिदम’ही आहे.

सुऱ्या: गिटारच्या फेजर पेडलबद्दल आहे का? ते तसंच ठेवा, दुकानातही फेजरच म्हणतात.

मुक्ता_अ: नाही हो, पेडल नाही. ‘क्लॅपिंग म्युझिक’, १९७२. दोघं जण नुसत्या टाळ्या वाजवतात.

तबलजी: ‘कलांतर’ लहरींना ठीक, पण वाचणारा ‘कालांतर’ वाचेल. इथे काय होतं ते आधी बघा. बारा मात्रांचा एकच बोल आहे:

टा टा टा – टा टा – टा – टा टा –

पहिला हाच शेवटपर्यंत वाजवतो. दुसरा ठरलेली आवर्तनं झाली की पहिली मात्रा काढून शेवटी जोडतो:

टा टा – टा टा – टा – टा टा – टा

दोन्ही ओळी एकाखाली एक धरा. एकत्र वाजताना चार मात्रा रिकाम्या होत्या, आता एकही नाही. टाळ्या जुळतात फक्त १, २, ५ आणि १० वर. बाराव्या सरकीला पुन्हा एकत्र.

मुक्ता_अ: मग ‘सम सरकवणे’ म्हणू?

तबलजी: तेच नको. सम जागची हलत नाही, बोल सरकतो. राइकची सूचनाही तशीच आहे: दुसऱ्याने तीन टाळ्यांच्या गटाला सम मानायचं नाही. बहुतेक जण तिथेच फसतात. त्या तीन टाळ्यांवर जोर यायला लागला की समजायचं, याची सम सुटली. पुढची सरक कुठून करायची ते त्याला कळणार नाही. म्हणून ‘बोल सरकवणे’.

रेवती: ‘पियानो फेज’ला (१९६७) ते जास्त शोभतं. तिथे एक वादक लय किंचित वाढवत हळूहळू एक स्वर पुढे जातो. टाळ्यांमध्ये मधला प्रवासच नाही, थेट पुढची मात्रा. ती सरक कसली, उडीच.

तबलजी: हे मान्य. दोन शब्द लागतील.

निखिल: अॅडिटिव्ह सोपं आहे. आपला रूपक, ३+२+२. फिलिप ग्लासने पॅरिसमध्ये रविशंकरांबरोबर काम केलं, तिथूनच घेतलं ना?

रेवती: प्रेरणा तिथली, पण रूपक सातच्या सातच राहतो. ग्लासच्या ‘टू पेजेस’सारख्या रचनेत तुकड्याची लांबीच बदलते. समजा, ‘सा रे ग म’ काही वेळा वाजलं, मग ‘सा रे ग म सा रे’, मग ‘सा रे ग म सा रे ग’. चाराचे सहा, सहाचे सात. लेहरा धरून बसलात तर दुसऱ्याच फेरीत चुकाल. लेखात नक्की काय अभिप्रेत आहे, मुक्ताताई? ३+२+२ असेल तर ‘खंडांची लय’ म्हणता येईल.

मुक्ता_अ: ग्लासचंच आहे. मग ‘वर्धमान लय’?

निखिल: छान आहे!

रेवती: ग्लास स्वर काढूनही टाकतो. सातावरून सहावर आलं तर वर्धमान कसं?

सुऱ्या: ‘कमीजास्त लय’. :)

तबलजी: हसू नका, याहून बरा माझ्याकडेही अजून नाही.