मदत हवी आहे: पाण्याचा बॅरोमीटर हिशोबापेक्षा सव्वा मीटर खाली का?

जिन्यातला_प्रयोग: मुलीच्या शाळेसाठी आमच्या पुण्यातल्या इमारतीच्या जिन्यात पाण्याचा बॅरोमीटर केलाय. १२ मीटरची जाड पारदर्शक नळी. (पहिली पातळ होती, वर खेचताच चपटी झाली.) रंगीत पाण्याने गच्च भरली, वरचं टोक बूच मारून दोरीने ओढलं, खालचं बादलीत बुडवून उघडलं. पाणी उतरलं आणि थांबलं. मोबाईलवर दाब १००८ मिलिबार दिसतोय, म्हणजे १०.३ मीटर हवं. दुपारी मोजलं तर ९ मीटर ५ सेंमी!

खटपट्या: वर हवा शिरलीय, दुसरं काय. बारीक नळी घ्या, पाण्याचं वजन कमी होईल, चढेल वर.

पारा७६: हवेचं पटतं, नळीचं नाही. बारीक नळीत पाणी कमी, पण ते तोलून धरायला जागाही तेवढीच कमी. उंची तीच राहते.

मूळ घोळ १००८ मध्ये आहे. तो आकडा समुद्रसपाटीला बदलून दाखवतात. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, तिथे खरा दाब ९४५-९५० च्या आसपास. त्याने ९.७ मीटरच पाणी तोलता येईल. शिवाय वरची जागा रिकामी नाही, तिथे पाण्याची वाफ आहे. जिन्यात ३४ अंश असतील तर ती वाफ स्तंभाला अर्धा मीटर खाली दाबते. राहिले १५ सेंमी. पाऱ्याची वाफ नगण्य, म्हणून तिथे ही कटकट नाही.

विहीरवाला: आमची मोटर वर आहे, पाणी ३२ फुटांवर गेलं की ओढतच नाही. मिस्त्री म्हणतो मोठा हॉर्सपॉवर घाला. घालू का?

पारा७६: नका. मोटर ओढत नाही हो, फक्त पाइपातली हवा काढते. पाणी वर ढकलते ती विहिरीवरची हवा. मोटर खाली उतरवा किंवा सबमर्सिबल टाका.

जिन्यातले, १५ सेंमीसाठी हे करा: वरचं टोक तिरकं करत दोन मीटर खाली आणा आणि बादलीतल्या पाण्यापासून सरळ उभी उंची मोजा. नुसती वाफ असेल तर उंची तीच राहील, कारण जागा आवळली की जादा वाफेचं पाणी होतं. हवेचं पाणी होत नाही, ती दाबली जाऊन स्तंभ खाली ढकलेल. १५ सेंमी पूर्ण हवेचे असतील तर आणखी वीतभर उतरेल.

जिन्यातला_प्रयोग: आत्ता सातला केलं. आधी नळी सरळ असताना ९ मीटर १८, टोक खाली आणल्यावर ९ मीटर ६. पण दुपारपेक्षा आपोआप १३ सेंमी चढलं कसं?

खटपट्या: बघा, आत हवा आहेच! 😀

पारा७६: आहे, पण पाणी वीतभर उतरवण्याइतकी नाही. चढलं ते बहुधा गारव्याने, वाफ कमी झाली. किती अंश होते?

जिन्यातला_प्रयोग: थर्मामीटरच लावला नव्हता. पाणीही उकळून घेतलं नव्हतं, नळीला बारीक बुडबुडे चिकटलेत. रविवारी उकळलेल्या पाण्याने परत भरतो.