अॅपमधलं दुकान की आपली वेबसाइट? अनुभव लिहा

तुशीवाली_लेस्टर: काल माळा आवरताना 2024 च्या ऑर्डरींची वही सापडली आणि परत चिडचिड झाली. तेव्हा टिकटॉकच्या अॅपमधल्या दुकानात तुशी लावली होती, 20 पाउंडाला. एका मुलीने घालून व्हिडिओ टाकला आणि चार दिवसांत 140 गेल्या, नवरा ऑफिसातून येऊन बबलरॅप कापत बसायचा. दिवाळीला नवीन माल आला, म्हटलं यांना कळवूया, तर एकीचाही ईमेल नाही. लेबलवर पत्ते होते पण ते फक्त पार्सलपुरते वापरायचे. वेबसाइटवरून जेमतेम 30 जणींनी घेतली होती, त्यातल्या 11 परत आल्या. तुमचं काय?

मुगाची_खिचडी: तुशी अजून आहे का गं? मोत्याची हवीये

पार्ल्याचा_पक्या: वेबसाइटच काढायची, कमिशन शून्य!

हिशेबनीस: शून्य कुठलं पक्या. यूकेत टिकटॉक शॉपचं कमिशन 2024 च्या सप्टेंबरपासून 9 टक्के, म्हणजे 20 वर 1.80. व्हिडिओवालीला 15 टक्के कबूल केले असतील तर आणखी 3. हातात 15.20. वेबसाइटवर कार्डाचे 65 पेन्सच्या आसपास जातात, पण गिऱ्हाईक आणायला जाहिरात लागते, ती ऑर्डरमागे 5 पाउंड पडली तर उरले 14.35. म्हणजे पहिल्या ऑर्डरला अॅपच बरं. तीच बाई ईमेल बघून आपणहून परत आली की 19.35, खरी कमाई तिथे. पोस्टेज दोन्हीकडे सारखंच, म्हणून धरलं नाही.

तुशीवाली_लेस्टर: 15 नाही हो, 20 कबूल केले होते 🙈

सदाशिव_पेठी: आम्ही मॉलमध्ये गाळा घेतला होता, भाड्यानेच मेलो. मेन रोडवर आपलं दुकान असलेलं बरं.

मुगाची_खिचडी: काका, ऑनलाइनचं चाललंय 😂

कोल्हापुरी_साज: आमच्याकडे इन्स्टावर पैसे घेता येत नाहीत, लिंक देऊन वेबसाइटवरच पाठवावं लागतं आणि तिथेच घोळ. लिंक इन्स्टाच्या आतच उघडते, बाई यूपीआय करायला दुसऱ्या अॅपमध्ये जाते, परत येईपर्यंत पान रिलोड होऊन कार्ट रिकामी. पैसे कटले का माहीत नाही, लगेच मला मेसेज. मी आधी समजत होते किंमत बघून पळतात. मग बहिणीच्या फोनवर स्वतः ऑर्डर करून बघितली तेव्हा कळलं. आता लिंकखालीच लिहिते, वरच्या तीन टिंबांवर दाबून क्रोममध्ये उघडा. पण वाचतंय कोण.

हिशेबनीस: कॅश ऑन डिलिव्हरी ठेवून बघ.

कोल्हापुरी_साज: ठेवलेली. पार्सलं परत यायची, जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्याच डोक्यावर.

पार्ल्याचा_पक्या: मग पार्सलमध्ये वेबसाइटचं कार्ड टाकायचं की!

तुशीवाली_लेस्टर: टाकलं होतं. दुकान आठवडाभर बंद ठेवलं टिकटॉकवाल्यांनी, गिऱ्हाईक बाहेर पळवता म्हणून. नियम वाचला नव्हता, चूक माझीच. खिचडी, मोत्याची एकच राहिलीये, व्यनि कर.