अनुभव धागा: दोन पानांचा रेझ्युमे एका पानावर आणताना

मेघा_त्रिमूर्तीनगर
काल दिराचा रेझ्युमे उघडला आणि सीताबर्डीवरची जुनी टायपिंगची दुकानं आठवली. शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ आणि सहीची रेघ आल्याशिवाय बायोडाटा पुरा व्हायचाच नाही. याच्यात ती रेघ अजून आहे! बुटीबोरीत मेंटेनन्सला आहे, १३ वर्षं झाली. मिहानमधल्या एका कंपनीने एकच पान मागितलंय आणि याच्या भरतायत ८४ ओळी. कुठून कात्री लावायची, लिहा बरं.

तर्रीपोहा
फॉन्ट ८ करा, मार्जिन आवळा, झालं. आधी कॉम्प्युटरच वाचून राहिला ना, त्याला कुठे चष्मा लागतो 😄

एचआर_मानेवाडा
मार्जिनचं बरोबर भाऊ, अर्ध्या इंचापर्यंत चालतं. फॉन्टचं नाही. कॉम्प्युटरनंतर तो प्लांट हेडच्या हातात प्रिंट होऊन जातो. १० च्या खाली गेलात की तो नुसतं नाव वाचून बाजूला ठेवतो.

मेघाताई, १०.५ चा फॉन्ट आणि मथळ्यांमधली मोकळी जागा धरून पानावर ५२-५३ ओळी बसतात. म्हणजे ३० च्या वर काढायच्या. ऑब्जेक्टिव्हच्या ४, वडिलांचं नाव-वैवाहिक स्थिती-छंद मिळून ८, डिक्लेरेशन आणि सही ४, दहावी-बारावीचा टेबल ५. या २१ गेल्या तरी कुणी विचारत नाही. डिप्लोमा किंवा डिग्रीची एक ओळ ठेवा.

पहिली नोकरी ९ ओळींची असेल तर कंपनी, पद, साल एवढीच एक ओळ करा. पूर्ण उडवू नका हं, नाहीतर १३ वर्षांत खड्डा दिसतो आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो. आता ५५ उरल्या.

मेघा_त्रिमूर्तीनगर
अरे वा, एवढं काढलं तरी काही गेल्यासारखं वाटत नाही! उरलेल्या तीन?

एचआर_मानेवाडा
त्या सध्याच्या नोकरीतून काढा. खरं काम तिथंच आहे. त्याने ‘सीएनसी मशीनची दैनंदिन देखभाल’, ‘ब्रेकडाउन हाताळणे’, ‘स्पेअर्सचा साठा ठेवणे’ अशा तीन ओळी दिल्या असतील. तिन्ही कामं प्रत्येक मेंटेनन्सवाला करतोच. त्यांची एक करा: ‘१४ सीएनसी मशीन, दर शनिवारी प्रिव्हेंटिव्ह लावून महिन्याचा ब्रेकडाउन २२ तासांवरून ९ वर.’ आकडे त्याच्या लॉगबुकातले घ्या, माझे नाही. असं तीनचं एक दोनदा केलं की चार ओळी वाचतात, ५१ वर आलात.

सुमनकाकू
आमच्या पिंटूचाही एका पानात बसवायचा आहे. उंची आणि गोत्र वर घालू की खाली?

तर्रीपोहा
काकू, हा नोकरीचा धागा आहे, स्थळाचा नाही 😂 पण फोटो दोन्हीकडे काढा, तेवढीच जागा.

सुमनकाकू
अगं बाई! बरं, पण नोकरीवालं स्थळच पाहून राहिलो आम्ही.

डीटीपी_महाल
दिराच्या फाइलमध्ये Layout मध्ये Size बघा. पुष्कळदा Letter असतं. A4 केलं की उंची १८ मिमी वाढते, म्हणजे चारेक ओळी फुकट. रुंदी ६ मिमी कमी होते, म्हणून एखादी लांब ओळ मोडते, ती पाहून घ्या.

आणि सगळं बसूनही दुसरं कोरं पान येत असेल तर शेवटी टेबल आहे का बघा. टेबलाखाली वर्ड एक रिकामा परिच्छेद ठेवतंच, तो डिलीट होत नाही. त्याचा फॉन्ट १ करा, पान जातं.

रश्मी_खामला
जागा वाचवायला दोन कॉलमचा टेम्प्लेट घेतला तर? सुंदर दिसतो हो.

एचआर_मानेवाडा
पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून Notepad मध्ये पेस्ट करा. डावीकडची स्किल्स उजवीकडच्या नोकरीत मिसळलेली दिसली तर कंपनीच्या सॉफ्टवेअरलाही तशीच दिसण्याची भीती. मोबाइल नंबर वर्डच्या हेडरमध्ये टाकला असेल तर काही सॉफ्टवेअर तो सोडूनच देतात. पानाच्या मजकुरातच लिहा.

जुना_फिटर
मला हे एक पानाचं पटत नाही. १३ वर्षांत चार शटडाउन, दोन लाइन बसवल्या, ते कुठं लिहायचं? प्रोजेक्टवाल्या जागेला दोन पानंच द्यावीत.

एचआर_मानेवाडा
तुमचंही खरं आहे दादा. तिथं मीही दोन पानं घेते. पण यांनी एकच मागितलंय ना. दोन पानी फाइल मात्र पुसू नका, मुलाखतीच्या आदल्या रात्री तीच वाचायची.

मेघा_त्रिमूर्तीनगर
आत्ता Size पाहिलं. Letter च होतं! बाकी सगळं मान्य केलं त्याने, फक्त ‘छंद: क्रिकेट’ काढायला तयार नाही. भांडण चालू आहे, भाजी करपते आहे, नंतर येते.