मदत हवी आहे: शेकडो फॉन्ट आणि जुन्या फायली

लग्नपत्रिकांच्या कामासाठी जमवलेले सुमारे 700 फॉन्ट थेट `C:\Windows\Fonts` मध्ये टाकलेले असल्याने डिझाइनचे सॉफ्टवेअर उघडायला वेळ लागतो आणि फॉन्टची यादी उघडली की स्क्रीन क्षणभर अडकते. म्हणून रोजचे मोजके फॉन्ट तिथे ठेवून बाकीचे वेगळ्या फोल्डरांत हलवावेत आणि फॉन्ट मॅनेजरमधून लागतील तेव्हाच तात्पुरते सुरू करावेत, असा विचार आहे. खरी अडचण जुन्या फायलींची आहे: त्यांतला मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधला असल्यामुळे फॉन्ट बंद असताना फाइल उघडली, तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. फाइल उघडण्याआधी तिला लागणारे फॉन्ट कसे ओळखावेत? आणि एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांपैकी, जुन्या फायलींतल्या ओळी न सरकता, कोणती ठेवावी हे कसे ठरवावे?