मदत हवी आहे: पॉम्फोलिक्स, निकेल आणि घरचे काजू

आईच्या बोटांच्या कडांना आणि तळव्यांवर साबुदाण्यासारखे पाणीदार, भयंकर खाजणारे फोड येतात. गोव्यातल्या मे महिन्याच्या घामात जास्तच. निदान पॉम्फोलिक्स, म्हणजे फोड येणारा इसब; त्वचेची खरवड तपासली, बुरशी नाही. पू नाही. क्लोबेटासोल मलम दोन आठवडे लावलं की बसतात, थांबवल्यावर परत उठतात. मासे साफ करताना ती सुती मोज्यांवरून व्हिनाइलचे घालते, आतले ओले झाले की लगेच बदलते. हात धुतले की व्हॅसलिन.

पॅच टेस्टमध्ये, म्हणजे त्वचेवरच्या ॲलर्जीच्या चाचणीत, निकेल पॉझिटिव्ह आलं. नकली बांगड्या बंद केल्या, पण काजू, चणे, चॉकलेट यांतही निकेल बरंच असतं, आणि काजू तर घरच्या बागेतलेच. कमी निकेलचा आहार कोणी पाळलाय का? फरक दिसायला किती आठवडे लागले, आणि कुठला पदार्थ परत सुरू केल्यावर फोड उठले?